लाल पट्ट्या आणि चढता भाव

शेअरचा भाव रोज थोडा थोडा वाढतो आहे आणि त्याच वेळी चार्टच्या तळाशी लाल पट्ट्या उमटत आहेत, असं दृश्य तेजीच्या काळात हमखास दिसतं. ते पाहून काही जण म्हणतात, इंडिकेटर चुकला. काही जण म्हणतात, आता पडणार, विकून मोकळे व्हा. माझ्या मते दोघंही घाई करतात. त्या पट्ट्या भावाबद्दल काही सांगतच नसतात. भाव ज्या वेगानं वाढतो आहे, त्या वेगाचं काय होतंय एवढंच त्या सांगतात. हा फरक एकदा नीट कळला की मॅकडी वाचणं सोपं होतं. तो कळला नाही तर दोन रेषा आणि एक पट्ट्यांची रांग रोज नवा गोंधळ घालत राहते.

मॅकडी हे इंडिकेटर अमेरिकेतल्या जेराल्ड ॲपेल यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस तयार केलं. तेव्हा त्यात दोनच रेषा होत्या. त्या दोन रेषांमधलं अंतर पट्ट्यांच्या रूपात दाखवायची कल्पना थॉमस ॲस्प्रे यांनी १९८६ मध्ये आणली आणि तिलाच आपण हिस्टोग्राम म्हणतो. आज कुठल्याही चार्टिंग ॲपमध्ये हे तिन्ही घटक एकाच चौकटीत येतात आणि सेटिंगमध्ये १२, २६ आणि ९ हे आकडे आधीच भरलेले असतात.

या आकड्यांमागचं गणित फारसं अवघड नाही. बंद भावांची १२ दिवसांची सरासरी काढायची आणि २६ दिवसांची काढायची. दोन्ही एक्स्पोनेन्शियल प्रकारच्या, म्हणजे ताज्या भावाला जास्त वजन आणि जुन्याला उतरत्या क्रमानं कमी. पहिलीतून दुसरी वजा केली की उरते ती मॅकडी लाइन. या मॅकडी लाइनचीच पुन्हा ९ दिवसांची तशीच सरासरी काढली की सिग्नल लाइन मिळते. मॅकडीतून सिग्नल वजा केली की जो आकडा येतो, तो हिस्टोग्रामची पट्टी. आकडा अधिक असेल तर पट्टी शून्यरेषेच्या वर, उणे असेल तर खाली. बस्स, एवढंच. व्हॉल्यूम नाही, कंपनीचा नफा नाही, बातमी नाही. सगळं काही बंद भावातून आलेलं.

पण वजाबाकी कशी करायची हे कळल्यानं वजाबाकीचा अर्थ कळत नाही. तो कळावा म्हणून एक शेअर मनाशी धरू. खरा नको, कारण खऱ्या भावात रोजची धडपड इतकी असते की मूळ हालचाल झाकली जाते. आपला शेअर अगदी शिस्तीचा आहे. कित्येक महिने तो ५०० रुपयांवर स्थिर होता. दोन्ही सरासऱ्या ५०० वर येऊन टेकल्या आहेत, त्यामुळे मॅकडी शून्य, सिग्नल शून्य, पट्टीही शून्य. आता आजपासून तो रोज बरोबर २ रुपयांनी वाढू लागतो.

सरासरी नेहमी भावाच्या मागे राहते. भाव सरळ रेषेत चढत असेल तर ती किती मागे राहते याचा हिशेब पक्का आहे: १२ दिवसांची सरासरी शेवटी साडेपाच दिवस मागे स्थिरावते आणि २६ दिवसांची साडेबारा दिवस. दोघींमधलं अंतर ७ दिवसांचं. आपला शेअर रोज २ रुपये चालतो, म्हणजे ७ दिवसांत १४ रुपये. म्हणून ही चढण पुरेशी लांबली तर मॅकडी १४ च्या दिशेनं सरकत जाते आणि तिथे थांबते. शेअर रोज ३ रुपये चढत असता तर ती २१ वर थांबली असती. रोज १ रुपया पडत असता तर उणे ७ वर.

मॅकडीचा सगळा अर्थ या सातपटीत आहे. भाव कुठे आहे हे तिला ठाऊक नसतं. शेअर ५०० वर असो वा ६००, रोजची चाल २ रुपयांची असेल तर ती १४ च दाखवणार. ती भावाचा वेग मोजते. शून्यरेषेच्या वर असेल तर वेग वरच्या दिशेला, खाली असेल तर खालच्या दिशेला. सिग्नल लाइन म्हणजे याच वेगाची मागाहून येणारी, जरा संथ प्रत. आणि हिस्टोग्राम म्हणजे आताचा वेग आणि गेल्या काही दिवसांतला सरासरी वेग यांतला फरक. म्हणजे वेग वाढतोय की कमी होतोय, याचं माप.

दादरहून सुटलेल्या लोकलचा विचार करा. फलाट सोडताना ती जोर घेते, मग एका वेगानं धावते, पुढचं स्टेशन जवळ आलं की वेग कमी करते. पण वेग कमी होत असतानाही ती पुढेच जात असते, मागे येत नाही. लाल पट्टी म्हणजे हा कमी होणारा वेग.

आता आपल्या शिस्तीच्या शेअरचे दिवस एकेक करून पाहू. पहिल्या दिवशी भाव ५०२ झाला. मॅकडी फक्त १६ पैशांनी वर आली. भाव १ रुपयानं हलला की त्या एका दिवसात मॅकडी सुमारे ८ पैसे हलते, हे गुणोत्तर लक्षात ठेवण्यासारखं आहे, पुढे त्याचा उपयोग होईल. पाचव्या दिवशी भाव ५१०, मॅकडी १.७६ आणि पट्टी १.०४. दहाव्या दिवशी भाव ५२०, मॅकडी ४.४९, पट्टी १.८२. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे आहे. भाव वर, रेषा वर, पट्ट्या लांब.

चौदाव्या दिवशी पट्टी १.९५ वर पोहोचते आणि त्यानंतर आखडू लागते. भावात काहीही बदललेलं नाही. तो पंधराव्या दिवशीही २ रुपयांनीच वाढला, सोळाव्या दिवशीही. मॅकडीसुद्धा वरच चालली आहे. पण विसाव्या दिवशी मॅकडी ९.०३ असताना पट्टी १.६९ वर उतरलेली दिसते. चाळिसाव्या दिवशी भाव ५८०, मॅकडी १२.८६ आणि पट्टी जेमतेम अर्धा रुपया. साठाव्या दिवशी भाव ६२०, मॅकडी १३.७५ आणि पट्टी ११ पैशांची.

साठ दिवस एकदाही न थकता चढलेला शेअर आणि त्याच्याखाली जवळजवळ नाहीशी झालेली हिस्टोग्रामची पट्टी. पट्टी आखडली म्हणजे तेजी संपत आली, असं सरसकट सांगितलं जातं. ते इथे साफ खोटं ठरतं. इथे पट्टी आखडण्याचं कारण एवढंच की वेग आता नवा राहिलेला नाही. सिग्नल लाइन मागून येऊन मॅकडीला गाठत आली आहे. स्थिर वेगात हिस्टोग्राम शून्याकडे जाणं हे त्याच्या रचनेतच आहे.

अनेक चार्टवर शून्यरेषेच्या वरच्या पट्ट्या दोन रंगांत येतात: वाढती पट्टी गडद हिरवी, आखडती पट्टी फिकी हिरवी. आपल्या शेअरमध्ये पंधराव्या दिवसापासून पुढे सगळ्या पट्ट्या फिक्या दिसतील. फिका हिरवा रंग पाहून विकणाऱ्यानं ५३० ला विकलं असतं आणि ६२० पर्यंतची वाट लांबून पाहिली असती. म्हणून फिक्या रंगाचा अर्थ एवढाच घ्यावा की सुरुवातीचा जोर आता तितका नाही. याच वेळी मॅकडी लाइन चढत आहे का, हे त्याच नजरेत पाहावं. ती चढत असेल तर वेग अजून वाढतोच आहे, फक्त पूर्वीइतक्या झपाट्यानं नाही.

एकसष्टाव्या दिवशी आपण शेअरची चाल बदलू. आता तो रोज २ ऐवजी १ रुपया वाढतो. एकही दिवस घसरण नाही. दुसऱ्याच दिवशी, भाव ६२२ असताना, मॅकडी सिग्नलच्या खाली जाते. ज्याला बाजारात बेअरिश क्रॉसओव्हर किंवा विक्रीचा सिग्नल म्हणतात, तो मिळाला. सत्तराव्या दिवशी भाव ६३०, मॅकडी ११.६४, पट्टी उणे ०.८५. चौऱ्याहत्तराव्या दिवशी भाव ६३४ आणि पट्टी उणे ०.९४, सगळ्यात खोल. चढत्या भावाखालच्या लाल पट्ट्या त्या ह्याच.

इंडिकेटर चुकलं का? अजिबात नाही. शेअरचा वेग निम्मा झाला होता आणि त्यानं ते दोन दिवसांत ओळखलं. वेग निम्मा झाल्यावर भाव पडेलच, असं मात्र त्यानं कधीच म्हटलं नव्हतं. तो अर्थ आपण लावला. भाव पडतो आहे की नाही हा प्रश्न शून्यरेषेला विचारायचा असतो, आणि मॅकडी तर अजून शून्याच्या ११ रुपये वर आहे.

डायव्हर्जन्स नावाची जी गोष्ट इतक्या गूढपणे सांगितली जाते, तीही इथेच उलगडते. ऐंशीव्या दिवशी भाव ६४० आहे, म्हणजे साठाव्या दिवसाच्या ६२० पेक्षा वर. मॅकडी मात्र १३.७५ वरून ९.४३ वर आली आहे. भावाचा नवा उच्चांक, मॅकडीचा नाही. यात भविष्याचं भाकीत काही नाही. चढाईचा दुसरा टप्पा पहिल्यापेक्षा संथ आहे, एवढीच माहिती आहे. संथ झालेली चढाई पुढे थांबू शकते, तशीच महिनोन्‌महिने संथपणे चालूही राहू शकते. ज्यांनी लांबलेल्या तेजीत डायव्हर्जन्स दिसताच शॉर्ट केलं, त्यांना दुसरी शक्यता चांगली ठाऊक असेल.

चौऱ्याहत्तराव्या दिवसानंतर लाल पट्ट्या आखडू लागतात, कारण निम्मा झालेला वेग आता जुना झाला. शंभराव्या दिवशी भाव ६६०, मॅकडी ७.५६ आणि पट्टी उणे ०.२५. मॅकडी ७ वर स्थिरावत चालली आहे, रोजच्या एका रुपयाच्या सातपट. आता समजा एकशेएकाव्या दिवसापासून भाव रोज १ रुपया घसरू लागला.

पहिल्याच घसरणीच्या दिवशी पट्टी उणे ०.२५ वरून उणे ०.३६ वर जाते. सव्वीस दिवस शून्याकडे येत असलेली लाल पट्ट्यांची रांग एकदम उलटी फिरून पुन्हा खोल जाऊ लागली. हा क्षण महत्त्वाचा आहे आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, कारण नवीन क्रॉसओव्हर झालेला नसतो. मॅकडी आधीच सिग्नलच्या खाली होती, आताही खालीच आहे. जे फक्त क्रॉसओव्हरवर डोळा ठेवून बसले, त्यांच्यासाठी त्या दिवशी चार्टवर काहीच घडलं नाही. खरी कलाटणी मात्र त्याच दिवशी आली. त्यानंतर सोळाव्या दिवशी, भाव ६४४ वर आल्यावर, मॅकडी शून्यरेषा ओलांडून खाली गेली.

एकच चढ-उतार, त्यात तीन घटकांनी तीन वेगवेगळ्या वेळी तोंड उघडलं. क्रॉसओव्हर ६२२ वर आला, खूप लवकर. शून्यरेषा ६४४ वर बोलली, शिखरानंतर १६ रुपये उतरल्यावर. हिस्टोग्रामची दिशा ६५९ वर वळली, पण तिनं आधी चौदाव्या दिवशीही वळून दाखवलं होतं आणि तेव्हा त्या वळण्याला काही अर्थ नव्हता. म्हणजे जो घटक सगळ्यात आधी सांगतो, तोच सगळ्यात जास्त वेळा उगाच सांगतो. तिन्ही एकत्र वाचायचे ते यासाठी.

क्रॉसओव्हरचं वजन कसं ठरवायचं, याचाही हिशेब मांडता येतो. पंधराव्या दिवशी आपल्या शेअरची पट्टी जवळजवळ दोन रुपये उंच आहे. त्या एका दिवसात क्रॉसओव्हर घडवायचा असेल तर भाव किती पडावा लागेल? आदल्या दिवशीचा भाव ५२८. तो एका दिवसात ५०० च्या खाली यावा लागेल. म्हणजे चौदा दिवसांची सगळी कमाई एका दिवसात पुसली गेली, तरच. असा क्रॉसओव्हर आला तर बाजारात खरोखर काहीतरी मोठं घडलेलं असणार.

साठाव्या दिवसानंतर काय परिस्थिती आहे? पट्टी फक्त ११ पैशांची आहे. एकसष्टाव्या दिवशी शेअर पडलाच पाहिजे असं नाही. तो नुसता ६२० वरच बंद झाला, एक दिवस विसावला, तरी पट्टी शून्याच्या खाली जाते आणि विक्रीचा सिग्नल उमटतो. दोन्ही वेळी चार्टवर खूण तीच, रंग तोच, मोबाइलवर येणारा अलर्टही तोच. पण एकामागे घसरण आहे आणि दुसऱ्यामागे एका दिवसाची विश्रांती. क्रॉसओव्हरकडे पाहण्याआधी त्याच्या मागच्या पंधरा-वीस पट्ट्या पाहा, असं मी म्हणतो ते यामुळे. उंच पट्ट्यांची रांग झपाट्यानं कोसळून शून्याखाली गेली असेल तर त्या क्रॉसओव्हरला वजन आहे. आधीच जमिनीला टेकलेल्या पट्ट्यांमधून एक पट्टी खाली सरकली असेल तर थांबून पुढचे काही दिवस पाहावे.

सिग्नल लाइनबद्दल एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. ९ दिवसांच्या सेटिंगमध्ये सिग्नल लाइन एका दिवसात जेवढी सरकते, ते अंतर त्या दिवशीच्या पट्टीच्या बरोबर एक चतुर्थांश असतं. चौदाव्या दिवशी पट्टी १.९५ होती, तर सिग्नल त्या दिवशी ४९ पैशांनी वर गेली. म्हणून पट्टी हिरवी आहे तोवर सिग्नल लाइन चढतच राहणार, लाल झाली की उतरणार, आणि तिचं शिखर क्रॉसओव्हरपाशीच येणार. हिस्टोग्राम आणि सिग्नलचा उतार ही दोन वेगळी पुष्टी देणारी साधनं नाहीत. 'पट्ट्या लाल आहेत, शिवाय सिग्नलही उतरतेय' असं कोणी म्हणालं, तर तो एकाच गोष्टीला दोन साक्षीदार म्हणून उभं करतोय.

खरी फसगत होते ती साइडवेज बाजारात. शेअर महिनाभर ४९५ आणि ५०५ च्या मध्ये फिरतो आहे असं धरा. दोन्ही सरासऱ्या ५०० च्या आसपास चिकटलेल्या, मॅकडी शून्यरेषेला घासत चाललेली, पट्ट्या काही पैशांच्या. अशा वेळी भाव एका दिवसात १० रुपये वर गेला की मॅकडी ८० पैशांनी उसळते आणि सिग्नलला ओलांडते. दोन-तीन दिवसांनी भाव पुन्हा ४९५ वर आला की उलटा क्रॉसओव्हर. प्रत्येक वेळी खरेदी वरच्या भावाला आणि विक्री खालच्या भावाला होते, कारण सिग्नल येईपर्यंत भाव त्या पट्ट्याच्या टोकाला पोहोचलेला असतो. वर ब्रोकरेज, एसटीटी आणि बाकीचे आकार. इंडिकेटर इथे वेग मोजायला बसलं आहे आणि मोजण्याजोगा वेगच नाही.

हे ओळखायचं कसं? एक साधी कसोटी अशी. शेअर एका दिवसात साधारण किती रुपये वरखाली होतो ते पाहा, म्हणजे दिवसाच्या उच्चांक आणि नीचांकातला फरक, दोन-तीन आठवड्यांची सरासरी धरून. मॅकडीचा आकडा या रोजच्या हालचालीपेक्षाही बराच लहान असेल, तर क्रॉसओव्हरकडे दुर्लक्ष करावं. दुसरी कसोटी त्याहून सोपी: चार्ट सहा महिन्यांचा करा. आत्ताच्या पट्ट्या मागच्या खऱ्या चढ-उतारांच्या पट्ट्यांशेजारी ठेवल्या की त्यांची उंची आपोआप कळते. स्क्रीनवर फक्त शेवटचा महिना ठेवला तर ॲप पट्ट्या ताणून चौकट भरून टाकतं आणि पैशांच्या हालचाली डोंगराएवढ्या दिसतात.

आकडा रुपयांत असणं ही मॅकडीची आणखी एक मर्यादा. एमआरएफचा शेअर जून २०२३ मध्ये एक लाख रुपयांच्या वर गेला. त्याची मॅकडी हजारांत असू शकते. ५० रुपयांच्या शेअरची पैशांत असते. दोघांची तुलना करून कुठल्या शेअरमध्ये जोर जास्त आहे हे ठरवता येत नाही. एकाच निर्देशांकाच्या दोन काळांचीही तुलना अशीच फसते. निफ्टी २३ मार्च २०२० रोजी ७,६१० वर बंद झाला होता आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यानं २६,००० ओलांडले. रोज ०.२ टक्के चढण्याचा वेग पहिल्या पातळीवर सुमारे १०६ ची मॅकडी दाखवेल आणि दुसऱ्या पातळीवर ३६४ ची. वेग तोच, आकडा साडेतीनपट. तुलना करायचीच असेल तर पीपीओ हे भावंड वापरावं; त्यात हाच फरक २६ दिवसांच्या सरासरीनं भागून टक्क्यांत देतात.

काही चुका मात्र इंडिकेटरच्या नसतात, त्याला दिलेल्या आकड्यांच्या असतात. कंपनीनं एकास एक बोनस दिला की भाव एका रात्रीत निम्मा होतो, भागधारकाचं काहीच जात नाही. चार्टनं मागचे भाव त्याप्रमाणे बदलून घेतले नसतील तर मॅकडी कड्यावरून कोसळल्यासारखी दिसते. बहुतेक ॲप हा बदल करतात, पण स्वतः एक्सेलमध्ये हिशेब ठेवणाऱ्यांनी तपासून घ्यावं. नव्यानं लिस्ट झालेल्या कंपनीचंही तसंच. २६ दिवसांच्या सरासरीत सुरुवातीच्या आकड्याचं वजन २६ दिवसांनंतरही १३ टक्क्यांच्या वर उरलेलं असतं. दोन ॲपनी ती सरासरी वेगवेगळ्या ठिकाणाहून सुरू केली असेल तर दोघांच्या मॅकडी जुळत नाहीत. शंभर दिवस उलटले की हा फरक जवळपास मिटतो.

आणि दिवस संपायच्या आत पट्टीवर विश्वास ठेवू नये. एनएसईचा व्यवहार सव्वानऊला सुरू होतो आणि साडेतीनला थांबतो. डेली चार्टवर त्या मधल्या वेळात दिसणारी पट्टी तात्पुरत्या भावावर काढलेली असते. दुपारी एकला लाल झालेली पट्टी बंद होताना हिरवी होऊ शकते, आणि संध्याकाळी चार्ट उघडणाऱ्याला दुपारच्या त्या लालीचा मागमूसही सापडत नाही. मागचे चार्ट पाहताना क्रॉसओव्हर इतके स्वच्छ का दिसतात, त्याचं एक कारण हे.

१२, २६ आणि ९ हे आकडे बदलावेत का, असं नेहमी विचारलं जातं. खुद्द ॲपेल खरेदीसाठी आणि विक्रीसाठी वेगवेगळे आकडे सुचवत: खरेदीला ८, १७, ९ आणि विक्रीला १२, २५, ९. खरेदीचा सिग्नल चपळ, विक्रीचा त्यामानानं सावकाश, कारण तेजी सुरू होताना लवकर आत शिरावं आणि तिला पुरेशी मोकळीक द्यावी, हा विचार. आकडे लहान केले की रेषा भावाच्या जवळ येतात, सिग्नल लवकर मिळतो आणि खोटे सिग्नलही वाढतात. ही देवाणघेवाण कुठल्याही आकड्यांनी टळत नाही. प्रत्येक तोट्यानंतर आकडे बदलून मागच्या चार्टवर बरोबर बसवणारे पुढच्या चार्टवर पुन्हा चुकतात.

मग रोज संध्याकाळी चार्टसमोर बसल्यावर नजर कोणत्या क्रमानं फिरवावी? मी आधी मॅकडी शून्यरेषेच्या कुठल्या बाजूला आहे आणि किती दूर आहे ते पाहते. त्यावरून मधल्या मुदतीची दिशा कळते. मग पट्ट्यांचा आकार: वाढतायत की आखडतायत, आणि त्याच वेळी मॅकडी लाइन स्वतः कुठे चालली आहे. क्रॉसओव्हर शेवटी. मॅकडी शून्याच्या बऱ्यापैकी वर असताना पट्ट्या लाल होऊन, काही दिवस खोल जाऊन, आखडत आखडत पुन्हा हिरव्या झाल्या, तर चढत्या शेअरनं दम खाऊन पुन्हा जोर धरला आहे. तिन्ही घटक एका बाजूला येण्याची ही जागा मला सगळ्यात भरवशाची वाटते. याउलट मॅकडी शून्याच्या खूप खाली असताना आलेला खरेदीचा क्रॉसओव्हर फक्त घसरणीचा वेग मंदावल्याचं सांगतो. शेअर रोज ३ रुपये पडत होता, आता रोज १ रुपया पडतो. पट्ट्या हिरव्या झाल्या, आणि घेणाऱ्याचे पैसे मात्र रोज एक रुपयानं कमी होत आहेत. तिथे मॅकडी उणे २१ वरून उणे ७ कडे येईल आणि भाव खरोखर वळला नाही तर तिथेच अडून बसेल. डेली चार्टवरच्या अशा क्रॉसओव्हरआधी साप्ताहिक चार्ट उघडून पाहावा. तिथेही पट्ट्या वर येऊ लागल्या असतील तर पुढचा विचार करावा. तिथे त्या अजून खोल जात असतील, तर डेलीवरची हिरवी रांग ही मोठ्या घसरणीतली एक छोटी उसंत असण्याची शक्यता जास्त.